साठीशांत ठरली, आता कामाला कुठून लागायचं?

बाबांची साठी जवळ आली की भावंडांच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो तो हॉलचा. कुठला, किती माणसांचा, जेवणाचं ताट केवढ्याला. आमच्याकडेही तेच झालं, आणि हॉलची आगाऊ रक्कम भरून झाल्यावर गुरुजींना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी तर तुमच्या वडलांची तिथीच नाही." तेव्हा हा लेख त्याच क्रमाने लिहितो ज्या क्रमाने आम्ही कामं करायला हवी होती.

आधी नावांचा घोळ. षष्ट्यब्दिपूर्ती म्हणजे साठ वर्षं पूर्ण होणं. बोलताना आपण साठीशांत म्हणतो आणि गुरुजींच्या पोथीत तिचं नाव उग्ररथ शांती असतं. पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी एकेक वयोवस्था शांत सांगितली आहे: पन्नासाव्याला वैष्णवी, पंचावन्नला वारुणी, साठीला उग्ररथ, पासष्टीला मृत्युंजय महारथी, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री आणि ऐंशीला सहस्रचंद्रदर्शन. त्यातल्या साठी, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्र एवढ्याच बहुतेक घरांत होतात.

साठीलाच मान का, याचं उत्तर पंचांगाच्या पहिल्या पानावर आहे. आपल्या संवत्सरांना प्रभव ते क्षय अशी साठ नावं आहेत आणि दर गुढीपाडव्याला नाव बदलतं. गुरूला राशिचक्राची एक फेरी करायला सुमारे बारा वर्षं लागतात, शनीला सुमारे तीस. साठ वर्षांत गुरूच्या पाच फेऱ्या होतात, शनीच्या दोन, आणि दोघेही जवळपास जन्माच्या वेळच्या जागी परत येतात. संवत्सराचं नावही जन्माच्या वेळचंच येतं. १९६६ च्या गुढीपाडव्यापासून १९६७ च्या गुढीपाडव्यापर्यंत जन्मलेली सगळी मंडळी पराभव संवत्सरातली, आणि २०२६ च्या पाडव्याला पुन्हा पराभवच लागतो. (नाव ऐकून वडलांचं तोंड उतरलं तर त्यांना सांगा की पुढचा जन्म आता सुरू होतोय. साठीशांतीत तोच भाव आहे.)

तिथी काढणं

ज्या पिढीची साठी आता येते आहे, तिच्यातल्या कित्येकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते. मास्तरांनी नाव घालताना टाकून दिलेली. ती तारीख पेन्शनसाठी ठीक, शांतीसाठी निरुपयोगी. आत्याला किंवा मोठ्या काकांना विचारा. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरं रानात गेली होती तेव्हा," असं काहीतरी सापडतं, आणि गुरुजींना तेवढं पुरतं, कारण त्यांना तारीख नको, महिना, पक्ष आणि तिथी हवी असते. जन्मवेळ माहीत असेल तर तीही सांगा. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे पहाटे तीनला जन्मलेल्या माणसाचा वार आदल्या दिवसाचा धरतात.

साठाव्या वर्षी तिथी सहसा इंग्रजी वाढदिवसाच्या तीन-चार दिवस अलीकडे पडते. मधे अधिक महिना आडवा आला, तर मात्र हिशेब महिनाभर सरकतो. उदाहरण घेऊ. समजा वडलांचा जन्म १९६६ च्या आषाढी एकादशीचा आहे. त्या वर्षी ती जूनच्या अखेरीस आली होती, कारण त्या सालचा अधिक महिना नंतर, श्रावणात होता. २०२६ मध्ये अधिक महिना आधीच, ज्येष्ठात येतो, म्हणून आषाढी एकादशी थेट २५ जुलैला. मुलांनी जूनच्या शेवटच्या रविवारचा हॉल घेतला असेल तर तिथी अजून चार आठवडे दूर आहे. तिथीला वर्षही पूर्ण झालेलं नाही, मग शांत कसली?

ह्याच उदाहरणात पुढची गंमत पाहा. २५ जुलै २०२६ शनिवार आहे, पण एकादशी. साठीशांतीला येऊन लोक साबुदाण्याची खिचडी खाऊन जाणार, आणि आजीसारखी माणसं तर पाणीच पिणार. बरं, दुसऱ्या दिवशी द्वादशीला रविवार आहे, तेव्हा करू म्हणावं तर गुरुजी अग्निवास बघतात. शुक्ल प्रतिपदेपासून मोजलेली तिथी, रविवारपासून मोजलेला वार आणि वर एक, यांच्या बेरजेला चाराने भागायचं. बाकी शून्य किंवा तीन आली तर अग्नी पृथ्वीवर, म्हणजे हवनाला चांगला. द्वादशी बारा, रविवार एक, वर एक, झाले चौदा, बाकी दोन. अग्नी पाताळात. सोमवारी त्रयोदशी: तेरा, दोन आणि एक मिळून सोळा, बाकी शून्य. उत्तम, पण सगळ्यांना ऑफिस.

अशा वेळी गुरुजींशी मोकळेपणी बोलावं. काही गुरुजी जन्मतिथीच्याच दिवशी शांत असेल तर अग्निवास पाहत नाहीत. काही जण त्याच महिन्यातलं जन्मनक्षत्र गाठायला सांगतात, काही पुढचा जवळचा शुभ दिवस देतात. माझा अनुभव असा की पर्याय निघतो, फक्त तो हॉल ठरवायच्या आधी विचारायचा असतो. चार महिने आधी विचारलंत तर गुरुजीही मोकळे असतात आणि हॉलही.

आणखी एक प्रश्न याच फोनवर सोडवा. एकोणसाठ पूर्ण होऊन साठावं लागलं की करायची, की साठ पूर्ण झाल्यावर? दोन्ही पद्धती चालू आहेत. दक्षिणेकडे तर उग्ररथ शांत साठावं लागताना आणि षष्ट्यब्दिपूर्ती साठ पूर्ण झाल्यावर, असे दोन वेगळे विधी करतात. तुमच्या घरात आजोबांची कशी झाली होती ते विचारा आणि तसंच करा.

यजमान कोण?

खर्च मुलं करतात, धावपळ मुलं करतात, म्हणून पुष्कळांना वाटतं की पाटावर मुलगाच बसणार. तसं नाही. यजमान आईबाबाच. संकल्प बाबा सोडतात, आई शेजारी. मुलांनी फक्त उठबस करायची, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी तयारी सोपी होते. कारण खरा प्रश्न असा होतो की साठ वर्षांचे दोन जीव, एकाला साखर, दुसरीचे गुडघे, हे चार-पाच तास धुरासमोर कसे बसतील?

जमिनीवर मांडी घालून बसणं जमणार नसेल तर तसं गुरुजींना आधीच सांगा. ठेंगणा चौरंग किंवा खुर्ची चालते. फक्त मग हवनकुंड आणि पूजेची मांडणीही उंचावर घ्यावी लागते, नाहीतर बाबा दर आहुतीला वाकून वाकून कंबर धरतील. सकाळच्या गोळ्या, दूध, फळ यांना कुणी गुरुजी नाही म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला मात्र "पूजा होईपर्यंत काही नको" असं घरातलंच कुणीतरी सांगतं. त्या कुणीतरीकडे लक्ष ठेवायला एक भावंड नेमा.

आईची साठी वेगळी करायची का, हे आमच्याकडे चर्चेला आलं. बाबांच्या शांतीला ती शेजारी बसली होती, तेव्हा झालंच की, असं सगळे म्हणत होते, तीही. मला ते पटलं नाही. तीन वर्षांनी तिच्या तिथीला एक गुरुजी बोलावून घरातच अडीच तासांची छोटी शांत केली. संकल्पात तिचं नक्षत्र आलं, तेव्हा ती चमकून बाबांकडे बघायला लागली. वडील हयात नसतील तर आईची शांत करायची नाही, असा काही घरांत समज असतो. तिच्या आयुष्यासाठी मुलगा संकल्प करू शकतो आणि तसं करून देणारे गुरुजी आहेत. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पौरोहित्यात स्त्री पुरोहितही आहेत आणि ते मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत विधी करतात. ज्यांना पोथी कळत नाही म्हणून कंटाळा येतो, अशा घरांना ती पद्धत मानवते.

गुरुजींना काय काय लिहून द्यायचं

एक कागद करा. त्यावर गोत्र, आईबाबांची नक्षत्रं आणि राशी, घरातल्या सगळ्यांची नावं. आणि त्याखाली जे कुणी आधी सांगत नाही ते: पूर्वजांची नावं. शांतीच्या सुरुवातीला नांदीश्राद्ध असतं. श्राद्ध शब्दाने दचकू नका, मंगलकार्याआधी पितरांना बोलावून त्यांचे आशीर्वाद घेण्याचा हा विधी आहे. त्यात बाबांची आई, आजी, पणजी, मग वडील, आजोबा, पणजोबा आणि पुढे आईकडचे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, असे तीन पिढ्यांचे तीन गट येतात. ऐनवेळी "पणजीचं नाव?" असं विचारलं की खोलीत शांतता पसरते. आम्ही आदल्या महिन्यात गावच्या चुलतआत्याला फोन केला, तिने नाव सांगितलं आणि पणजीला मोदक कसे जमत नसत तेही सांगितलं. वरच्यांपैकी कुणी हयात असेल, म्हणजे साठीच्या माणसाची आई अजून आहे, असं असेल तर ते ठळक लिहा. जिवंत माणसाचं आवाहन करत नाहीत, त्यामुळे विधी थोडा बदलतो.

नांदीश्राद्धाची आणखी एक व्यवहारी बाजू आहे. ते झालं की कार्य सुरू झालं असं मानतात, आणि मग मधेच सुतकाची बातमी आली तरी कार्य थांबवत नाहीत. आधी आली तर मात्र दिवस बदलावा लागतो. हॉलवाल्याशी तारीख बदलण्याची अट आधी बोलून ठेवायची ती यासाठी.

त्या दिवशी काय होतं

गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध हा पहिला टप्पा साधारण सव्वा तासाचा. तो कुठल्याही मोठ्या कार्यात असतोच, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्यानंतर गुरुजींना वरण, म्हणजे त्यांना रीतसर काम सोपवणं. मग मुख्य मांडणी.

तांदळाच्या राशींवर कलश मांडतात आणि त्यांत देवतांचं आवाहन करतात. मधे मृत्युंजय रुद्र आणि मार्कंडेय. मार्कंडेयाला सोळा वर्षांचंच आयुष्य होतं आणि शंकराने त्याला यमाच्या पाशातून सोडवलं, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. आयुष्य मागायचं तर ज्याला ते मिळालं त्याच्याकडे, इतका सरळ विचार. सोबत सात चिरंजीव: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम. शिवाय नवग्रह आणि बाबांच्या जन्मनक्षत्राची देवता. कुठल्या पोथीत क्रम वेगळा, कुठे देवता कमीजास्त. "यूट्यूबवर असं नव्हतं," असं गुरुजींना सांगायला जाऊ नका.

मग हवन. समिधा, तूप, शिजवलेला भात म्हणजे चरू, तीळ, दूर्वा यांच्या आहुत्या. एक गुरुजी असतील तर संख्या कमी ठेवतात. तीन ते पाच असतील तर जपाची आणि आहुत्यांची संख्या वाढते, शेजारी रुद्राची आवर्तनं चालतात. गुरुजी वाढवले की वेळ कमी होतो, असं गृहीत धरू नका. हवनाच्या वेळी आई बाबांच्या उजव्या हाताला बसते.

बलिदान, म्हणजे देवतांना भाताचा नैवेद्य ठेवणं, आणि पूर्णाहुती झाल्यावर येतो तो अभिषेक, आणि माझ्या मते साठीशांतीचा गाभा हाच. आई आता बाबांच्या डावीकडे येते. मंत्र म्हणत गुरुजी कलशांतलं पाणी दोघांवर शिंपडतात, काही ठिकाणी चक्क ओततात. पूर्ण भिजवतात. दुसरा जन्म म्हटल्यावर पहिली अंघोळ आलीच! म्हणून आईबाबांना अभिषेकासाठी साधे सुती कपडे वेगळे द्या, पैठणी आणि सिल्कचा कुर्ता नंतर. हे ओले कपडे परत घरी न्यायचे नसतात, बऱ्याच घरांत ते गुरुजींना देतात. मोठे दोन पंचे, आडोसा किंवा जवळची खोली आणि खाली पाणी निपटायला माणूस, एवढी सोय लागतेच. फरशी ओली आणि समोर साठीची माणसं, घसरायला दुसरं काय लागतं?

कपडे बदलून आल्यावर तुपात तोंड पाहायचं. काशाच्या वाटीत पातळ तूप, त्यात नाणं, दोघांनी आपलं प्रतिबिंब पाहायचं आणि ती वाटी दान करायची. तूप थिजलेलं असेल तर काही दिसत नाही, तेव्हा हिवाळ्यात कुणीतरी ते वेळेवर कोमट करून ठेवा. शेवटी तीळ आणि गूळ घातलेलं अर्धी ओंजळ दूध प्यायचं. त्या मंत्रात पुन्हा मार्कंडेयच आहे.

साठ दिवे

यानंतरचं औक्षण साठ दिव्यांचं असतं. हौसेपोटी एकाच परातीत साठ पेटवून ती कुणी उचलायला गेलं की फजिती होते. परात जड, वर साठ ज्योतींची धग, आणि बाबांच्या तोंडाजवळ ती ओवाळायची. आम्ही बारा-बारा दिव्यांची पाच ताम्हणं केली आणि पाच जणींनी एकेक घेतलं. गुरूच्या पाच फेऱ्या झाल्या, असं गुरुजी हसून म्हणाले.

दिवे कणकेचे करा. एक किलो कणीक थोडी हळद घालून घट्ट भिजवली की पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे साठ दिवे होतात. आदल्या रात्री करून वाफवून ठेवले तर तडकत नाहीत. फुलवाती तुपात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सकाळी नुसती वात दिव्यात ठेवून पेटवायची, तूप घालत बसायला नको. पाव किलो तूप पुरून उरतं. आणि पाच जणींत माझी विधवा मावशी होती. एकीने कुजबुज केली, आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पहिलं ताम्हण मावशीच्या हातात दिलं.

यापुढे हार घालणं, मंगलाष्टकं, केक, जुन्या फोटोंची फीत, हे सगळं ज्याच्या त्याच्या आवडीवर. तमिळ घरांत साठीला पुन्हा मंगळसूत्र बांधण्याचा विधी आहे आणि त्यासाठी लोक तिरुक्कडैयूरच्या देवळात जातात, कारण मार्कंडेयाची कथा तिथली मानतात. आपल्याकडची हारांची देवाणघेवाण ही हौस आहे, शांतीचा भाग नाही. बाबांच्या वजनाइतकं तुलादान करायचं असेल तर दोरीचा मोठा तराजू आणू नका. धान्याच्या दुकानातल्या काट्यावर वजन करून तेवढा गूळ, धान्य किंवा वह्या-पुस्तकं बाजूला काढली तरी दान तेच होतं.

वेळापत्रक, जिथे आम्ही चुकलो

आम्ही पत्रिकेत सकाळी अकरा ही वेळ छापली. पाहुणे अकराला आले. तेव्हा हवन ऐन भरात, डोळ्यांतून पाणी, आणि बाबांना प्रत्येक नव्या माणसाकडे बघून मान हलवायची. साडेबाराला अभिषेक झाला तेव्हा बाबा ओल्या पंचात, आणि समोर पुष्पगुच्छ घेतलेल्यांची रांग. एका काकांनी तसाच हात हातात घेऊन फोटो काढला. तो फोटो आईने अजून कुणाला दाखवलेला नाही.

आता कुणी विचारलं तर मी असं सांगतो. गुरुजी सातला, संकल्प साडेसातला. नांदीश्राद्ध पावणेनऊपर्यंत. आईबाबांना दहा मिनिटं पाय मोकळे करायला आणि दूध प्यायला. दहापर्यंत मांडणी आणि पूजा, मग पावणेबारापर्यंत हवन, बाराला पूर्णाहुती, सव्वाबाराला अभिषेक. कपडे, तूप, दूध, विश्रांती. एकला औक्षण, सव्वाला पानं. विधीला फक्त घरची पंधरा-वीस माणसं, बाकीच्यांना पत्रिकेवर एकची वेळ. ज्यांना पूजा बघायची आहे ते फोन करून विचारतात आणि लवकर येतात, त्यांची अडचण होत नाही. मित्रमंडळी जास्त असतील तर सकाळी घरी शांत आणि संध्याकाळी वेगळा कार्यक्रम, मधे आईबाबांना दोन तास झोप.

हॉल ठरवताना "हवन चालेल ना?" एवढं विचारून थांबू नका. कुठे, कशावर आणि किती वेळ, हे विचारा आणि लिहून घ्या. आम्हाला फोनवर हो म्हणाले होते. सकाळी गेलो तर सतरंजीच्या हॉलमध्ये आग नको, व्हरांड्यात करा, म्हणाले. व्हरांड्यात वारा. पत्र्याचा कुंड, खाली विटा आणि वाळूचा थर, वाऱ्याकडून आडोसा, एसी आणि पंखे बंद, जवळ पाण्याची बादली, ही सगळी मांडणी ऐनवेळी होत नाही. फ्लॅटमध्ये करणार असाल तर धुराची सूचना देणारी यंत्रणा आहे का, ते सोसायटीत विचारा आणि खिडकीजवळची जागा धरा.

साहित्याची यादी गुरुजी देतात. ती हातात आली की दोन रंगांनी खुणा करा, गुरुजी आणणार ते एक, आपण आणायचं ते दुसरं. गोंधळ नेहमी मधल्या वस्तूंचा होतो: दूर्वा, आंब्याचे डहाळे, विड्याची पानं, पंचामृताचं दही. प्रत्येक जण समजतो की दुसरा आणणार. दक्षिणाही त्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या, किती गुरुजी आणि साहित्यासकट की वेगळी. संकोच करून शेवटी पाकीट देताना दोन्ही बाजूंची कुचंबणा होते.

जेवणाचं मी काय सांगू? पुरणपोळी की जिलबी यावर आमच्याकडे तीन दिवस मतदान चाललं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "अळूचं फदफदं असू दे, बाकी काहीही करा."